तांब्याची बाटली : घासल्यानंतरची पहिली रात्र

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. घरात तांब्याच्या दोन बाटल्या आहेत. रात्री आरओचं पाणी भरून ठेवतो आणि सकाळी उपाशीपोटी पितो. सासूबाई दर दोन दिवसांनी चिंच लावून बाटल्या आतून लख्ख करतात. गेल्या आठवड्यात घासल्याच्या दुसऱ्या सकाळी पाण्याला जीभ आखडेल अशी चव आली आणि सात वर्षांच्या मुलाला मळमळलं. तांबं किती झालं म्हणजे जास्त? घासायला चिंच बरी की लिंबू? की बाटल्या बंदच कराव्यात?

ताई, बाटल्या बंद करू नका. पण त्यात आरओचं पाणी भरणं आजपासून थांबवा आणि दर दोन दिवसांनी आतून घासणंही थांबवा. मुलाला झालेला त्रास या दोन्हींच्या जोडीनं झाला असावा, असं मला तुमच्या वर्णनावरून जवळजवळ खात्रीनं वाटतं. चव बदलली ती नेमकी घासल्याच्या दुसऱ्या सकाळी, ही तुम्ही टिपलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे.

मी सांगलीत पाणी तपासण्याचं काम करते, त्याला बावीस वर्षं झाली. विहिरी, बोअर, नळ, टँकर असं सगळं पाणी येतं, आणि गेल्या काही वर्षांत तांब्याच्या बाटल्याही येतात. लोक विचारतात ते बहुतेक तासांबद्दल. आठ तास ठेवावं की बारा? सोळा तास चालतात का? तासांचा संबंध आहेच, पण तो दुय्यम आहे. तांबं पाण्यात किती उतरणार हे आधी दोन गोष्टींवर ठरतं. आत भरलेलं पाणी कसं आहे, आणि बाटलीच्या आतल्या भिंतीवर त्या रात्री कसला थर आहे.

तांब्याचं नवं भांडं गुलाबी दिसतं. वापरात आलं की आठवडाभरात ते तपकिरी होतं. हा तपकिरी रंग म्हणजे तांबं आणि हवेतला, पाण्यातला प्राणवायू यांचा पातळ थर, तांब्याचा ऑक्साइड. हा थर घट्ट चिकटून असतो आणि खालच्या धातूवर पांघरुणासारखा बसतो. त्याच्या आडून पाण्यात तांबं उतरतं, पण हळूहळू. चिंच, लिंबू, कोकम, आंबट ताक यांतलं आम्ल हा थर विरघळवतं. म्हणून तर हात फिरवल्याबरोबर भांडं उजळतं. उजळतं म्हणजे पांघरूण निघतं आणि कोरा धातू उघडा पडतो. त्या रात्री त्यात भरलेलं पाणी थेट कोऱ्या तांब्याला लागतं. म्हणजे लख्ख बाटली सगळ्यात जास्त तांबं सोडते आणि तपकिरी पडलेली सगळ्यात कमी. आपल्याला लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं, त्यामुळं हे पटायला जड जातं. मलाही प्रत्यक्ष मोजेपर्यंत पटलं नव्हतं.

आता पाण्याचं. आरओच्या यंत्रातून क्षार निघून जातात हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याबरोबर पाण्याचा आम्लपणा सावरून धरणारे बायकार्बोनेटही निघून जातात, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या पडद्यातून सरळ पार होतो. परिणामी आरओचं पाणी किंचित आम्लाकडं झुकतं. पीएच म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा, सातच्या जितका खाली तितकं पाणी आम्लाकडं. आरओच्या पाण्याचा पीएच सहा-साडेसहाच्या आसपास मी कितीतरी वेळा पाहिला आहे, तर सांगली-मिरजेकडच्या बोअरचं पाणी साडेसात-आठच्या घरात असतं. अशा हलक्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात तांबं सहज विरघळतं. जड पाण्यात उलटं होतं. काळ्या खडकातून आलेलं आमच्याकडचं क्षारांचं पाणी बाटलीच्या आत पांढरट पुटं धरतं आणि तांब्याला थोडं झाकूनच टाकतं. तुमच्या साताऱ्याला कासच्या तलावाचं जे पाणी येतं, ते जांभ्याच्या पठारावर पडलेल्या पावसाचं. तेही स्वभावानं हलकंच. त्यामुळं सांगलीतल्या बहिणीची बाटली वर्षभर बिनतक्रार चालते आणि तुमच्याकडं त्याच दुकानातून घेतलेल्या बाटलीतलं पाणी तुरट लागतं, असं होऊ शकतं. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीत तर पीएच सहाच्या खालचा कुठलाही पदार्थ उघड्या तांब्याला लागू देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. आरओचं पाणी त्या रेषेच्या अगदी जवळ उभं असतं.

तुमचा पहिला प्रश्न, किती म्हणजे जास्त. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ च्या आवृत्तीत दोन आकडे देतं. एक लिटर पाण्यात ०.०५ मिलिग्रॅम तांबं ही स्वीकारार्ह पातळी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. यातला पहिला आकडा पाहून घाबरू नका. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी ०.०५ च्या वर जाणारच, तो आकडा पुरवठ्याच्या पाण्यासाठी आहे. तुम्ही ध्यानात ठेवायची मर्यादा म्हणजे दीड मिलिग्रॅम. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या पुढं गेलं की, विशेषतः उपाशीपोटी, मळमळ, पोटात मुरडा, उलटी असा त्रास काही जणांना व्हायला लागतो. हा त्रास लवकर होतो, पाणी पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात, आणि पाणी थांबवलं की थांबतो. तुमच्या मुलाचं वर्णन याच्याशी जुळतं.

दिवसाचा हिशेबही पाहू. शरीराला तांबं लागतंच. मोठ्या माणसाला रोज एक ते दोन मिलिग्रॅम, आणि डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू यांतून ते बहुतेक मिळतं. दिवसभरात सगळं मिळून मोठ्यानं १० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं अमेरिकेच्या पोषण मंडळानं ठरवलं आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी हीच मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे आणि एक ते तीन वर्षांच्या बाळासाठी फक्त १. इथं लोक चुकतात. बाटली एकच, पाणी एकच, पण आजोबांना जे सहज चालतं ते नातवाला तिप्पट जड जातं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण देते, कारण नुसत्या मर्यादांवरून घरच्या बाटलीचा अंदाज येत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी मिरजेच्या एका शिक्षिकेनं एक लिटरची बाटली माझ्याकडं आणून दिली. तक्रार तुमच्यासारखीच, पाणी कधी छान लागतं, कधी तोंडात नाणं धरल्यासारखं. मी ती बाटली चार रात्री ठेवून घेतली. दर रात्री दहाला भरायची, सकाळी सहाला हलवून नमुना काढायचा आणि तांबं मोजायचं. मोजणी साधी असते. नमुन्यात एक पुडी टाकतात, तांबं असेल तर पाणी जांभळं होतं, जेवढं तांबं जास्त तेवढं गडद. तो रंग यंत्रात वाचायचा.

पहिल्या रात्री बाटली जशी आली तशीच, आतून तपकिरी, नुसती विसळून नळाचं पाणी भरलं. सकाळी लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या रात्री तीच बाटली न घासता, पण पाणी आरओचं. आकडा ०.७ झाला. तिसऱ्या दिवशी लिंबू-मीठ घालून आतून गुलाबी होईपर्यंत घासली, घरी करतात तशी एकदा विसळली आणि आरओचं पाणी भरलं. सकाळी २.५. त्या पाण्याला बाईंनी सांगितलेली तीच चव होती, मी जिभेच्या टोकाला लावून पाहिली. चौथ्या दिवशी पुन्हा घासली, पण या वेळी तीन पाण्यांनी धुतली, सोड्याच्या पाण्यानं विसळली, साध्या पाण्यानं भरून काही तास ठेवून ते ओतून दिलं आणि मग रात्री आरओचं पाणी भरलं. सकाळी ०.९. हे आकडे त्या एका बाटलीचे आहेत, तुमच्या बाटलीचे वेगळे येतील. पण चढ-उतार कसा होतो ते यातून दिसतं. रात्र आठ तासांचीच होती. तरी आकडा बारापट हलला.

तिसऱ्या रात्रीचे २.५ कुठून आले ते नीट पाहा. काही तांबं कोऱ्या भिंतीतून उतरलं. पण बरंचसं आधीपासूनच बाटलीत होतं. लिंबानं विरघळवलेलं तांबं आणि उरलेलं आम्ल एका विसळण्यात जात नाही. ते तळाच्या कडेला, गळ्याच्या वळणात आणि झाकणाच्या आट्यांत बसून राहतं. तुम्ही वर पाणी भरता तेव्हा त्या पाण्यात तांब्याचं मीठही आयतं मिसळतं आणि उरलेलं आम्ल रात्रभर भिंतीवर कामही करत राहतं. म्हणून घासण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष धुण्याकडं द्यायला हवं.

माझी आजी वाळव्याकडची. ती घंगाळ आणि हंडे चिंचेनं घासायची आणि चिंच धुतली की लगेच चुलीतली राख लावायची. आम्हा मुलांना वाटायचं राखेनं चकाकी येते. चकाकी चिंचेनंच आलेली असायची. राख अल्कधर्मी असते, ती उरलेलं आम्ल मारते. चिंच आणि राख ही जोडी होती. आपण चिंच ठेवली आणि गॅस आल्यावर राख गेली. तिची जागा आता खायच्या सोड्यानं घेता येते.

चिंच की लिंबू, याबाबत माझं मत भांड्याच्या तोंडावर ठरतं. दोन्हींचं काम सारखंच. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत मुख्यतः टार्टारिक, दोन्ही तांब्याला धरून पाण्यात ओढतात, आणि मीठ घातलं की काम झपाट्यानं होतं, कारण मिठातला क्लोराइड विरघळलेल्या तांब्याला पुन्हा चिकटू देत नाही. रुंद तोंडाचा तांब्या, कळशी, हंडा असेल, ज्यात हात जातो, तर चिंच उत्तम. ती गरासकट भिंतीला चिकटून राहते आणि चोळायला बरी पडते. अरुंद गळ्याच्या बाटलीला मात्र चिंच घालू नका. तिच्या रेषा आणि चोथा गळ्यात आणि तळाच्या सांध्यात अडकतात, दिसत नाहीत, आणि तिथं आम्ल धरून बसतात. चिंचेनं घासलेल्या बाटलीत ब्रश फिरवून मी रेषा बाहेर काढलेल्या आहेत. बाटलीला लिंबूच, तेही गाळून. घरात चिंचच असेल तर कोळ पातळ करून फडक्यातून गाळून घ्या.

मी करते ते असं. एका मोठ्या लिंबाचा रस गाळून घ्यायचा, त्यात चमचाभर बारीक मीठ आणि अर्धी वाटी कोमट पाणी. हे बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं आणि बाटली आडवी-उभी करत दोन मिनिटं हलवायची. मऊ केसांचा बाटलीचा ब्रश असेल तर एकदा फिरवायचा. तारेची घासणी आणि भांडी घासायची पावडर आत अजिबात नको. तारेनं ओरखडे पडतात आणि पावडर अरुंद गळ्यातून पूर्ण निघत नाही. दोन मिनिटांत झालं नाही तर पुन्हा ताजं घालून दोन मिनिटं. रात्रभर भरून ठेवू नका. रस पडून राहिला म्हणजे मळ जास्त निघतो असं नाही, मळ निघाल्यावर तो धातू खातो. ओतताना पाणी हिरवट-निळसर दिसेल, ते विरघळलेलं तांबं. ते मोरीत जाऊ द्या, कुंडीत ओतू नका.

मग तीनदा साध्या पाण्यानं, दर वेळी बाटली भरून, हलवून, ओतून. त्यानंतर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून तो बाटलीत हलवायचा आणि झाकणही त्यात बुडवायचं. पुन्हा दोनदा साधं पाणी. झाकणातली रबराची किंवा सिलिकॉनची चकती काढून तिच्याखाली पाहा. हिरवं बहुतेक वेळा तिथंच लपलेलं असतं. त्यानंतर बाटली साध्या पाण्यानं भरून एक रात्र ठेवा आणि ते पाणी सकाळी ओतून द्या. हे पहिलं पाणी कुणीही प्यायचं नाही, मुलांनी तर नाहीच. मग बाटली उपडी ठेवून पूर्ण वाळवा. वाळताना हवेनं पुन्हा तपकिरी थर धरायला लागतो आणि आपल्याला तेच हवं आहे.

किती दिवसांनी घासायची? कॅलेंडर पाहून नाही, रंग पाहून. आत टॉर्च मारा. तपकिरी असेल, अगदी गडद तपकिरी असेल, तरी ती चांगली स्थिती आहे, हात लावू नका. पांढरं पुट असेल तर ते जड पाण्याचे क्षार आहेत. त्रास नाही, फार जाड झालं की लिंबानं काढा. काळे डाग दिसले तरी घाई नाही, पुढच्या वेळी निघतील. हिरवट किंवा निळसर भुकटी दिसली तर मात्र त्या दिवशी पाणी प्यायचं नाही, आधी घासायची. ही भुकटी म्हणजे तांब्याचे सैल बसलेले क्षार, आणि ते बाटली हलवली की पाण्यात मिसळतात. ते तयार होतात ओली बाटली झाकण लावून रिकामी ठेवल्यानं, म्हणजे थोडंसं पाणी तळाशी असताना. सहलीहून आल्यावर पिशवीतच राहिलेली बाटली हमखास हिरवी निघते. रोज विसळून उपडी ठेवली तर बहुतेक घरांत तीन-चार आठवड्यांनी एकदा घासणं पुरतं. सासूबाईंना सांगताना असं सांगा की बाहेरून रोज उजळवा, हवी तितकी उजळवा, देव्हाऱ्यातल्या तांब्याइतकी झळकू दे. फक्त लिंबाचा थेंब आत जाणार नाही एवढं पाहा. त्यांचा आनंदही राहील आणि पाण्याला बाधा येणार नाही.

आरओच्या पाण्याला पर्याय सोपा आहे. नळाचं पाणी उकळा, पूर्ण गार करा आणि ते तांब्यात भरा. उकळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळं पाण्याचा आम्लपणा उलट कमी होतो. गरम असताना मात्र भरू नका. गरम पाण्यात तांबं जास्त उतरतं. बोअरचं पाणी फार खारट असल्यानं आरओच प्यावं लागत असेल, तर ते स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवून प्या, त्यात काही कमी होत नाही. यंत्रावर टीडीएस वाढवायचा स्क्रू असतो तो दुरुस्तीवाल्याकडून फिरवून घेता येतो, पण निव्वळ तांब्याच्या बाटलीसाठी हा खटाटोप करावा असं मला वाटत नाही.

बंद करू नका असं मी का म्हणते, तेही सांगायला हवं. तांब्यात जंतू मरतात हे खरं आहे. बंगळुरूच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलरा, विषमज्वर आणि जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं, आणि नंतर त्यात जिवंत जंतू वाढवून पाहिले तर सापडले नाहीत. मला त्यात जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा आकडा. त्या पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅमच होतं. आणि पाण्याचा पीएच होता ७.८ च्या आसपास. म्हणजे जंतूंसाठी जेवढं तांबं लागतं ते मर्यादेच्या खूप आत मिळतं, पाणी किंचित अल्कधर्मी असेल तर. जास्त तांबं म्हणजे जास्त शुद्ध असं काही नाही. पण त्या प्रयोगातलं पाणी स्वच्छ होतं. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी येतं तेव्हा त्यातला गाळ आणि सेंद्रिय द्रव्य तांब्याला बांधून टाकतात. अशा वेळी गाळणं-उकळणं आधी, तांबं नंतर. आणि उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींत खतांचं नायट्रेट असतं, ते तांब्यानं तसूभरही कमी होत नाही.

मुलाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तुम्ही लिहिलेलं नाही पण मला नेहमी दिसतं ते म्हणजे शाळेत जाणारी तांब्याची बाटली. उन्हाळ्यात त्यात लिंबू सरबत भरलं जातं. मी स्वतः एकदा त्याच मिरजेच्या बाटलीत लिंबू सरबत भरून पाच तास ठेवलं होतं. नमुना थेट मोजता आलाच नाही, रंग यंत्राच्या पलीकडं गेला. दहापट पातळ केल्यावर अडीचच्या आसपास वाचलं, म्हणजे मूळ सरबतात लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम. अर्धा लिटर प्यायलं तर साडेबारा मिलिग्रॅम, सात वर्षांच्या मुलाच्या दिवसाच्या मर्यादेच्या चौपट, एका मधल्या सुट्टीत. उलटी झाली नाही तरच नवल. ताक, कोकम सरबत, फळांचा रस, ओआरएसचं पाणी, यातलं काहीही उघड्या तांब्यात भरायचं नाही. ताक पितळेत कळकतं हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत होतं, म्हणून तर आंबट पदार्थांच्या भांड्यांना कल्हई असायची. बाटलीला कल्हई नसते.

दूधही नाही, आणि तान्ह्या बाळासाठी तर तांब्या-पितळेतलं पाणीसुद्धा नाही. याला कारण आहे, आणि ते आपल्या जवळचं आहे. एकेकाळी आपल्याकडं लहान मुलांना यकृताचा एक आजार होई, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं आणि बहुतेक मुलं दगावायची. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या घरची चौकशी केली, तेव्हा कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं आणि साठवलेलं दूध त्या बाळांना दिलं जात होतं असं दिसलं. दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून दुधातून पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तांबं पोटात जातं. घराघरांत स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पाणी, पावडरचं दूध, पेज, हे सगळं स्टीलमध्ये. घरात कुणाला विल्सन आजार असेल, म्हणजे शरीराला तांबं बाहेर टाकता येत नसेल, किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर त्यांनीही हे पाणी घेऊ नये.

तुमच्या मुलासाठी माझा सल्ला असा. पंधरा दिवस त्याला स्टीलमधलं पाणी द्या. तेवढ्यात बाटल्या नळाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यावर चालवा आणि आतून घासू नका, म्हणजे थर बसेल. नंतर सकाळी एक पेला, तोही काही खाल्ल्यावर, पुरेसा आहे. चव आली की पाणी टाकून द्यायचं, हे त्याला शिकवा. फक्त उलटं धरू नका, चव आली नाही म्हणजे तांबं कमीच आहे असं नसतं. कुणाच्या जिभेला एक मिलिग्रॅमही कळतं, कुणाला तीनही कळत नाही. मळमळ स्टीलच्या पाण्यावरही चालू राहिली, किंवा डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, तर पाण्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा.

बाटली खरेच तांब्याची आहे का, हेही एकदा पाहून घ्या. काही बाटल्या आतून स्टीलच्या असतात, काहींना आत पारदर्शक लेप असतो. लिंबाची फोड मिठात बुडवून आतल्या कडेला घासा. गुलाबी झालं तर तांबं, काहीच फरक पडला नाही तर लेप किंवा स्टील. मग त्यात रात्रभर पाणी ठेवून तांबं मिळत नाही, तोटाही नाही. पिवळसर झाक असेल तर ते पितळ, त्यात जस्त असतं आणि कधी शिसंही, ते पिण्याच्या पाण्याला नको.

आणि शंका उरली तर नमुना तपासून घ्या, साताऱ्यातही पाणी तपासणारी प्रयोगशाळा मिळेल. दोन नमुने द्या. एक, रात्री बाटलीत भरलं तेच पाणी, वेगळ्या भांड्यात ठेवलेलं. दुसरा, सकाळी बाटली हलवून काढलेला. दोन्ही स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्यांत, अर्धा-अर्धा लिटर, आणि त्याच सकाळी पोचवा. जास्त वेळ ठेवलं तर तांबं नमुन्याच्या बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. प्रयोगशाळेत ते टाळण्यासाठी लगेच नायट्रिक आम्लाचे थेंब घालतात. फक्त ‘कॉपर’ आणि ‘पीएच’ मागा, पूर्ण तपासणीचे पैसे घालवू नका. बाटलीवर एक चिठ्ठी लावा, शेवटची कधी घासली होती त्या तारखेची. ती नसेल तर आलेल्या आकड्याचा अर्थ मलाही लावता येणार नाही.